नोटिशीतला आकडा आधी तपासा, मग बोला



बारामती आणि इंदापूरच्या ऊसपट्ट्यात आपली बरीच कुटुंबं राहतात. कुणी म्हैस घेतली, कुणी टमटम, कुणी पाण्याची मोटर. दोन-चार हप्ते चुकले की दारावर नोटीस येते आणि घरात चूल थंड होते. माणूस मिळेल त्या भावात म्हैस विकतो नाहीतर मुकादमाकडून उचल घेतो, आणि नोटिशीत लिहिलेला आकडा आहे तसा भरून टाकतो. हाच आमचा आक्षेप आहे. नोटीस म्हणजे निकाल नव्हे. तो सावकाराच्या बाजूने मांडलेला हिशेब आहे, आणि हिशेब तपासता येतो.

एक उदाहरण मांडू. म्हशीसाठी कंपनीकडून ६०,००० रुपये घेतले, व्याज साल १८ टक्के, दर महिन्याच्या ५ तारखेला ३,००० चे २४ हप्ते. पहिला हप्ता ऑक्टोबर २०२४. मार्च २०२५ पर्यंतचे सहा भरले. ८ ऑगस्टला नोटीस आली : कर्ज परत मागितलं आहे, एकूण ६२,१०० रुपये भरा. हा आकडा तीन ठिकाणी तपासायचा.

पहिलं ठिकाण, चुकलेल्या तारखा. नोटीस म्हणते एप्रिल ते ऑगस्ट, पाच हप्ते थकले. खातेउतारा मागवला तर ९ एप्रिलला दूध बिलातून कापलेले ३,००० जमा दिसतात. म्हणजे थकले चारच, १२,००० रुपये. उताऱ्यात ते जमाच नसतील, तर दूध संकलन केंद्राची कपातीची चिठ्ठी शोधा. पैसे मधे कुठे अडकले ते तिथं कळतं.

दुसरं ठिकाण, बाकी. सप्टेंबरपासूनचे तेरा हप्ते अजून यायचेच आहेत. नोटिशीत ते तेरा गुणिले ३,००० म्हणजे ३९,००० धरलेत. पण त्या हप्त्यांत पुढच्या तेरा महिन्यांचं व्याज मिसळलेलं आहे. कर्ज आजच परत मागता, मग अजून न चढलेलं व्याज कसलं? हप्त्यांच्या तक्त्यात ऑगस्टच्या ओळीपुढे उरलेली मुद्दल पाहा. ती येते सुमारे ३५,२००.

तिसरं ठिकाण, दंड. नोटिशीत पाचही हप्ते थकीत धरून ५४,००० च्या सगळ्या बाकीवर महिना ३ टक्क्यांनी पाच महिन्यांचा दंड लावलाय, ८,१०० रुपये. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ ला परिपत्रक काढून बँका आणि फायनान्स कंपन्यांना दंडव्याज बंद केलं. नव्या कर्जांना ते १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. आता फक्त दंडशुल्क घेता येतं, ते करारात लिहिलेलं असलं पाहिजे, चुकलेल्या रकमेवरच लागतं, आणि त्यावर पुन्हा व्याज चढत नाही. करारात ३ टक्केच असतील तरी मे चा हप्ता तीन महिने, जूनचा दोन, जुलैचा एक, असे मिळून ५४० रुपये होतात. उशिराचं नेहमीचं व्याज कंपनी घेऊ शकते, ते २७० च्या आसपास.

आता बेरीज करा : सुमारे ४८,०००. मागितले ६२,१००. मधले चौदा हजार कुणाच्या घामाचे?

म्हणून उत्तर देण्याआधी काही करू नका असं आम्ही म्हणत नाही. मुदत पाळाच. पण लेखी द्या : कर्ज घेतलं हे मान्य, रक्कम मान्य नाही, खातेउतारा, कराराची प्रत आणि दंडाचा तारीखवार हिशेब द्या. पोच घ्या. वसुलीवाला 'बाकी मान्य' असा कागद पुढे करेल, त्यावर अंगठा देऊ नका, कारण तीच सही पुढे पुरावा होते. जेवढी थकबाकी तुमच्या हिशेबाने खरी आहे तेवढी भरून पावती घ्या आणि खातं नियमित करा असं अर्जात मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. माहितीचा फोन १४४४८.

एक मर्यादा ध्यानात ठेवा. कर्ज पतसंस्थेचं असेल तर हे परिपत्रक तिला लागू नाही. तिथं करार आणि संस्थेचे उपविधी पाहावे लागतात. संस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडे वसुली दाखला मागते. त्या सुनावणीला गैरहजर राहू नका. आपला उतारा आणि पावत्या तिथंच मांडायच्या, दाखला निघाल्यावर आकडा खोडणं फार जड जातं.

घेतलेलं आपण फेडू. न घेतलेलं का फेडायचं? ज्यांच्या घरी नोटीस आली असेल त्यांनी पाकिटासकट, पावत्यांसकट पुढच्या बैठकीला यावं. पाकिटावरचा टपालाचा शिक्काही जपा, मुदत कधीपासून धरायची ते त्यावरून दाखवता येतं.