सूत्र पाठ आहे, पण 2ab कुठून आलं ते सांगा!

आठवीतल्या कुठल्याही मुलाला (a + b)² चा विस्तार विचारा. "पहिल्या पदाचा वर्ग अधिक दोन गुणिले पहिलं पद गुणिले दुसरं पद अधिक दुसऱ्या पदाचा वर्ग." श्वास न घेता म्हणून दाखवेल. मग त्यालाच हळूच विचारा, "मधलं 2ab कशाला हवं? नुसतं a² + b² का नाही चालत?" उत्तर एकच येतं: "सूत्र तसंच आहे."

आपण याला गणित शिकवणं म्हणतो. मी याला पाठांतराची हजेरी म्हणतो. आणि ही पोरं पुढच्या वर्षी पेपरात (x + 5)² = x² + 25 लिहितात, तेव्हा आपणच कपाळाला हात लावतो. अहो, ज्याला 2ab कधी दिसलंच नाही, तो ते विसरणारच की!

ते दिसतं. त्यासाठी टॅब नको, महागडा संच नको. घरात पडलेल्या जुन्या लग्नपत्रिका, कात्री आणि पट्टी एवढं पुरतं.

मुलाला चार तुकडे कापू द्या. १० सेंमीचा एक मोठा चौरस, ३ सेंमीचा एक छोटा चौरस, आणि १० बाय ३ च्या दोन पट्ट्या. पट्ट्या आधी लपवून ठेवा. दोनच चौरस हातात द्या आणि सांगा, "यातून १३ सेंमी बाजूचा एक अखंड चौरस करून दाखव." मुलगा खटपट करतो. शेवटी छोटा चौरस मोठ्याच्या कोपऱ्याला तिरका टेकवतो आणि थांबतो, कारण दोन बाजूंना दोन भोकं उरतात. ती त्यालाच मोजू द्या. दोन्ही १० बाय ३! आता पट्ट्या द्या. १०० अधिक ९ म्हणजे १०९, आणि १३ चा वर्ग तर १६९. हरवलेले ६० कुठे होते, ते त्याने स्वतःच्या बोटांनी भरलेलं असतं. 2ab म्हणजे ती दोन भोकं. हे तो जन्मात विसरत नाही.

खरी गंमत (a - b)² मध्ये आहे, कारण तिथे हुशार मुलंही अडकतात. वजा करतोय ना, मग शेवटी b² अधिक कसा?

पुन्हा १० चा चौरस घ्या. आपल्याला ७ चा चौरस हवाय, म्हणजे दोन बाजूंनी ३-३ सेंमी कमी करायचे. उजवीकडून १० बाय ३ ची पट्टी कापा. आता वरून तशीच दुसरी कापायला सांगा. कात्री अडते! कारण वरची कड आता १० ची राहिलीच नाही, ७ ची झाली. दुसरी पट्टी निघते ती फक्त ७ बाय ३. आपण तर १० बाय ३ दोनदा वजा करणार म्हणून बसलोय. कोपऱ्यातला ३ बाय ३ चा तुकडा पहिल्या पट्टीबरोबरच गेला, तो दुसऱ्यांदा कुठून आणणार? हिशेबात तो दोनदा वजा झाला, म्हणून एकदा परत द्यायचा. १०० वजा ६० म्हणजे ४०, अधिक ९ म्हणजे ४९. सात साते एकोणपन्नास. तो परत दिलेला कोपरा म्हणजे + b². किराणा दुकानात एकच वस्तू दोनदा बिलात लागली तर आपण पैसे परत मागतो, तसंच हे.

आता काही जण म्हणतील, "आमच्या वर्गात तक्ता लावलाय की." तक्त्यावर चौरस आधीच पूर्ण रंगवलेला असतो. भोक दिसत नाही, कात्री अडत नाही. मुलं त्या आकृतीचंही पाठांतर करतात, बस्स. तुकडे मुलाच्या हातात असायला हवेत, आणि पट्टी द्यायच्या आधी त्याला अडू द्यायला हवं.

करताना दोन गोष्टी सांभाळा. एक, ९ आणि ३ अशी मापं घेऊ नका. पट्टीत छोटे चौरस बरोब्बर तीन बसतात, मग मुलगा ab ला 3b² म्हणू लागतो आणि सगळं हुकतं. १० आणि ३ घ्या. दोन, एकदा आकड्यांनी झालं की दुसऱ्यांदा न मोजता कापलेले तुकडे द्या आणि बाजूंना नुसतं a आणि b म्हणा. नाहीतर त्याला वाटतं हे फक्त १३ पुरतंच खरं आहे.

कागदालाही मर्यादा आहे, ती मुलांपासून लपवू नका. लांबी ऋण नसते, आणि वजाबाकीच्या आकृतीत a हा b पेक्षा मोठाच लागतो. म्हणून शेवटी कंस गुणून दाखवायचाच. (a + b)(a + b) मध्ये चार गुणाकार होतात: a·a, a·b, b·a, b·b. टेबलावर तुकडेही चारच आहेत. प्रत्येक गुणाकारासमोर त्याचा तुकडा ठेवायला लावा. मग अक्षरं बोलायला लागतात, आणि चिन्ह काहीही असलं तरी सूत्र का चालतं तेही पटतं. आठवीत (a + b)³ पण आहे, तिथे सपाट कागद पुरत नाही. तिथे बटाट्याचा घन करा, तीन दिशांनी तीन काप द्या, आठ तुकडे मोजा.

"पोर्शन संपत नाही हो, एवढा वेळ कुठून आणू?" हा नेहमीचा प्रश्न. दोन तासिका लागतात. आणि न शिकवल्याची किंमत बघा. दहावीत वर्गसमीकरण पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवायचं असतं. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने x² + 10x = 39 हे समीकरण असंच आकृतीने सोडवलं. x चा चौरस, त्याला 10x च्या दोन समान पट्ट्या करून दोन बाजूंना लावल्या, प्रत्येक ५ रुंद. कोपऱ्यात ५ बाय ५ चं भोक उरलं. ते भरायला २५ घातले, ३९ चे ६४ झाले, म्हणजे मोठ्या चौरसाची बाजू ८ आणि x = 3. आपली पोरं दहावीत "मधल्या पदाच्या सहगुणकाच्या निम्म्याचा वर्ग मिळवा" हे आणखी एक वाक्य घोकतात. आठवीत ज्याने कोपरा भरलाय, त्याला हे वाक्य घोकावंच लागत नाही.

शिक्षकांना माझी मागणी साधी आहे. घटक चाचणीत दोन मार्कांचा एक प्रश्न टाका: "(a - b)² ची आकृती काढा आणि + b² का आला ते एका वाक्यात लिहा." मार्क लागले की गाइडवाले आणि क्लासवालेही आपोआप कात्री हातात घेतील.

आणि पालकहो, आज रात्री जेवण झाल्यावर मुलाला विचारा: x² + 6x ला पूर्ण चौरस करायला केवढा तुकडा कमी पडतोय? ९ म्हणाला तर लगेच खूश होऊ नका. "कुठे ठेवशील?" असंही विचारा.