फक्त ९९ रुपये? भाऊ, कशाचे फक्त!

मंडळी, गेल्या बुधवारी धुळ्याला मामांकडे गेलो होतो. देवपुरात राहतात, रिटायर होऊन सहा वर्षं झाली. चहा व्हायच्या आधीच पासबुक समोर टाकलं आणि म्हणाले, "भाचा, मना पैसा कथा जाई ऱ्हायनात?"

पासबुक आठ महिन्यांनी भरून आणलेलं. मी पेन घेऊन बसलो. दर मंगळवारी ९९ रुपये. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत ३५ मंगळवार, म्हणजे ३ हजार ४६५ रुपये. मामांना वाटलं बँक कसला तरी चार्ज लावते. बँकेतल्या पोराने "यूपीआयचं आहे काका" एवढं सांगून पुढचा नंबर पुकारला.

खणून काढलं तेव्हा कळलं. जूनमध्ये सातबारा आणि आधारचे फोटो एका पीडीएफमध्ये करून पाठवायचे होते. त्यासाठी मामांनी एक ॲप घेतलं. "तीन दिवस फुकट" लिहिलेलं होतं, खाली बारीक अक्षरात "नंतर आठवड्याला ९९". पुढचं बटण दाबलं, यूपीआय पिन मागितला, मामांनी टाकला. त्यांना वाटलं फुकटचं चालू करायला पिन लागत असेल. काम शनिवारी झालं, मंगळवारी पहिले ९९ गेले. ते ॲप त्यानंतर एकदाही उघडलेलं नाही. उलट ऑगस्टमध्ये नातवाने फोन हँग होतो म्हणून ते काढूनही टाकलं होतं!

इथेच बहुतेकांची फसगत होते. ॲप डिलीट केलं म्हणजे वर्गणी बंद होत नाही. तुम्ही पिन टाकून दर आठवड्याला पैसे कापायची जी मंजुरी दिली, ती तुमच्या फोनमधल्या चित्रावर नाही, बँक खात्यावर बसलेली असते. फोन नाल्यात पडला तरी ती चालू राहते.

हे आपल्याकडे आत्ता का वाढलं? पूर्वी असली वर्गणी लावायला सहसा क्रेडिट कार्ड लागायचं. आपल्या जळगाव-धुळ्यात ते किती जणांकडे होतं? एनपीसीआयने जुलै २०२० मध्ये यूपीआय ऑटोपे आणलं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ते गूगल प्ले स्टोअरला जोडलं गेलं. तेव्हापासून गल्लीतला भाजीवालाही एका पिनवर कायमचा वर्गणीदार होऊ शकतो.

आणि आठवड्याचाच हिशोब का? माझं मत स्पष्ट आहे, रक्कम लहान दिसावी म्हणून. आपलं जगणं बाजाराच्या दिवसावर चालतं. मजुरी हप्त्याने, बचत गटाचा भरणा हप्त्याने. बाजाराच्या पिशवीशेजारी ९९ ठेवले की ते कोथिंबिरीच्या जुडीइतके वाटतात. आता मामांच्या ॲपचं बघा. त्याच पानावर, खाली सरकवलं तर, वर्षाचा प्लॅन ९९९ रुपयांचा होता. आठवड्याने घेतलं तर तेच ॲप वर्षाला ५ हजार १४८ ला पडतं. माल तोच, भाव पाचपट. पण आधीच निवडलेलं असतं आठवड्याचं.

हिशोबात अजून एक गफलत होते. मामा म्हणाले, महिन्याचे चार आठवडे, म्हणजे ३९६, बारा महिन्यांचे ४ हजार ७५२. चूक! वर्षात आठवडे ४८ नाहीत, ५२ आहेत. चार आठवडे, म्हणजे ३९६ रुपये, या हिशोबात दिसतच नाहीत. तोंडी करायचं असेल तर आठवड्याची रक्कम अर्धी करा आणि शंभराने गुणा, म्हणजे ५० आठवडे झाले. वर दोन आठवडे मिळवा. ९९ चे निम्मे साडेएकोणपन्नास, त्याचे ४ हजार ९५०, अधिक १९८. झाले ५ हजार १४८. पिन टाकायच्या आधी दहा सेकंदांचं काम आहे.

आता बंद कसं केलं ते सांगतो, कारण तिथेही अर्धा तास गेला. प्ले स्टोअर उघडलं, वर कोपऱ्यातल्या फोटोवर दाबलं, "Payments & subscriptions" मध्ये जाऊन "Subscriptions" बघितलं. यादी रिकामी! मामा घाबरले. मग लक्षात आलं, फोनमध्ये दोन जीमेल आहेत. फोन नातवाने जळगावला गोलाणी मार्केटमधून घेऊन दिला, तेव्हा दुकानदाराने एक नवीन खातं काढून दिलं होतं. त्याच फोटोजवळच्या बाणाने दुसरं खातं निवडलं, आणि तिथे ते महाशय बसलेले. "Cancel subscription" दाबलं, कारण विचारलं, काहीतरी निवडलं, पुन्हा "नक्की का?" विचारलं. शेवटी रद्द झाल्याचा मजकूर दिसेपर्यंत थांबलो. मधेच मागे आलात तर काही रद्द होत नाही.

एवढ्यावर थांबू नका. ज्या यूपीआय ॲपवरून मंजुरी दिली, त्यात आपल्या प्रोफाइलमध्ये ऑटोपे नावाची जागा असते. तिथे चालू मंजुऱ्या दिसतात, किती दिवसांनी आणि जास्तीत जास्त किती रक्कम कापता येईल तेही दिसतं. ती कमाल रक्कम वर्गणीपेक्षा मोठीही असू शकते, नीट वाचा. तिथून मंजुरी रद्द करा, पिन लागतो. "Pause" म्हणजे फक्त विश्रांती, रद्द नव्हे. काही ॲप प्ले स्टोअरला वळसा घालून थेट यूपीआयची मंजुरी घेतात, ती तर फक्त इथेच सापडते. दोन-तीन यूपीआय ॲप वापरत असाल तर प्रत्येकात बघा.

आदल्या दिवशीच कापलेले ९९ परत मागितले, गूगलकडे ४८ तासांच्या आत अर्ज करता येतो. ते आले. बाकीचे ३ हजार ३६६ गेले ते गेले.

कोणी म्हणेल, मेसेज येतो की! येतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापायच्या किमान २४ तास आधी कळवावं लागतं. मामांच्या फोनमध्ये ते सगळे मेसेज होते, इंग्रजीत, कर्जाच्या जाहिरातींच्या गर्दीत. कायदाही आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या मांडणीचे १३ प्रकार जाहीर केले, त्यात वर्गणीचा सापळा आहे. रद्द करायची जागा लपवणं किंवा फुकटच्या वर्गणीसाठी खात्याची परवानगी सक्तीने घेणं त्यात येतं. तक्रारीला १९१५ हा नंबर आहे. पण आठवड्याचा भाव मोठ्या अक्षरात आणि वर्षाचा खर्च कुठेच नाही, याला तो कायदा थेट हात लावत नाही. माझी मागणी साधी आहे. पिन मागायच्या पडद्यावर, मराठीत, वर्षाची पूर्ण रक्कम लिहा. बिस्किटाच्या पुड्यावर एमआरपी छापतात, मग इथे काय अडचण आहे?

तर ऑटोपेच्या यादीत मामांचं अजून एक निघालं. भजनांचं ॲप, आठवड्याला २९. मी रद्द करायला बोट नेलं तर मामांनी हात धरला. "थांब रे, हे पहाटे रोज ऐकतो मी." मग तिथेच हिशोब मांडला. ५२ आठवड्यांचे १ हजार ५०८, आणि त्यांचाच वर्षाचा प्लॅन २९९. आठवड्याचं बंद केलं. भरलेला आठवडा संपेपर्यंत भजनं वाजतीलच, पुढच्या बुधवारी मामा स्वतः वर्षाचं घेणार आहेत, ऑटोपे न लावता.