गुप्तता कोणाची, कोणासाठी?

एका कार्यालयातील अंतर्गत तक्रार समितीचे इतिवृत्त नुकतेच वाचनात आले. तक्रार लैंगिक छळाची होती आणि मजकूर अवघा दोन ओळींचा : ‘तक्रारीवर चर्चा झाली. गोपनीयतेस्तव तपशील नोंदविलेला नाही.’ व्यवस्थापनाच्या मते हे कायद्याचे काटेकोर पालन. माझ्या मते ही कायद्याची विटंबना आहे.

२०१३ च्या कायद्याचे १६ वे कलम सांगते की तक्रारदार, प्रतिवादी व साक्षीदार यांची ओळख, तक्रारीचा मजकूर आणि चौकशीचे कामकाज जनतेपुढे वा वृत्तपत्रांकडे जाता कामा नये. म्हणजे बंधन आहे ते बाहेर बोलण्यावर. समितीने स्वतःच्या दप्तरातही काही लिहू नये, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

उलट, नियमांनी घालून दिलेली प्रत्येक पायरी तारखेनिशी नोंदविणे अगत्याचे आहे. तक्रार कधी आली? तिची प्रत प्रतिवादीला कामकाजाच्या ७ दिवसांत पोचली काय? त्याला उत्तरासाठी कामकाजाचे १० दिवस मिळाले काय? सुनावणीला अध्यक्षा धरून किमान तीन सदस्य हजर होते काय? हे सारे कोणाचेही नाव न घेता लिहिता येते. ‘तक्रारदार’, ‘प्रतिवादी’, ‘साक्षीदार १’ एवढे पुरते. खरी नावे मोहोरबंद लिफाफ्यात अध्यक्षांपाशी असावीत. मात्र नाव गाळले म्हणजे ओळख लपली असे नव्हे. शाखेत एकच स्त्री रोखपाल असेल, तर ‘स्त्री रोखपाल’ हा उल्लेख म्हणजे तिचे नावच होय. म्हणून हुद्दा व विभागही इतिवृत्तात नकोत. सविस्तर जबान्या स्वतंत्र ठेवाव्यात, आणि त्या नोंदविल्या व उभय पक्षांना दिल्या, एवढीच नोंद इतिवृत्तात असावी.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, असे कोणी विचारील. गोवा विद्यापीठातील एका प्रकरणात २००९ साली समितीने सुनावण्या घाईघाईने उरकल्या आणि प्रतिवादीला बचावाची पुरेशी संधी दिली नाही. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द ठरवून चौकशी पुन्हा २००९ च्या टप्प्यावर नेऊन ठेवली. प्रतिवादीवर अन्याय झाला खरा. परंतु ज्या विद्यार्थिनींनी धैर्याने तक्रार केली, त्यांच्या पदरी चौदा वर्षांनंतर काय पडले?

त्या दोन ओळींनी कोणत्याही स्त्रीचे रक्षण झालेले नाही. चौकशीची ९० दिवसांची मुदत टळली काय, अहवालावर मालकाने ६० दिवसांत कार्यवाही केली काय, हे विचारण्याचा आधारच त्यांनी नाहीसा केला. नावे झाकणे हे समितीचे कर्तव्य आहे. स्वतःचा कारभार झाकण्याचा अधिकार तिला कोणीही दिलेला नाही.