अभिप्राय मागताना

"दोन ओळी अभिप्राय लिहून द्या ना," म्हटलं की खूश असलेला ग्राहकही अडतो. काय लिहायचं हेच सुचत नाही. स्वयंपाकघराचं काम करून देणाऱ्या इंटिरियरवाल्याने काम संपल्यावर आठवड्याभरात व्हॉट्सअ‍ॅपवर तीनच प्रश्न पाठवावेत: आधी अडचण काय होती, काम देताना धास्ती कशाची वाटली, आता काय बदललं? उत्तर बोलून पाठवलं तरी चालेल, हेही सांगावं. एखाद्या ग्राहक काकू म्हणाल्या, "कुकर काढायला आता वाकावं लागत नाही," तर ते वाक्य तसंच ठेवावं. त्याचं "उत्कृष्ट सेवा" करू नये. जुळवलेला मजकूर त्यांना दाखवून दुरुस्त्या आणि नाव छापायची परवानगी घ्यावी. मात्र स्तुती स्वतःच रचून नुसता होकार मागू नका; वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.