राजीनाम्यातील एक वाक्य

सरकारी नोकरीत असलेल्या मनुष्याची त्याहून वरच्या सरकारी पदावर निवड झाली, म्हणजे घरात आनंद होतो आणि त्या आनंदाच्या भरात राजीनाम्याचा कागद घाईने लिहिला जातो. 'घरगुती अडचणीमुळे मी राजीनामा देत आहे' एवढे एक वाक्य, खाली सही, आणि काम संपले. परंतु या एका वाक्याने मागील सर्व वर्षांची सेवा कायद्याच्या दृष्टीने पुसली जाऊ शकते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पनवेलसारख्या ठिकाणी, जेथे तहसील कचेरी, पंचायत समिती, रेल्वे, महानगरपालिका आणि सिडको यांतील नोकऱ्या एकाच वस्तीत शेजारी शेजारी नांदतात, तेथे तर हा प्रश्न नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

नियम काय सांगतो ते प्रथम पाहू. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यांतील नियम ४६ असे म्हणतो की, राजीनामा दिला म्हणजे पूर्वीची सेवा जप्त होते. हा सर्वसाधारण नियम झाला. त्याला लगेच पुढे अपवाद आहे. योग्य परवानगी घेऊन शासनाखालीलच दुसरी, निवृत्तिवेतनास पात्र अशी नेमणूक स्वीकारण्यासाठी राजीनामा दिला असेल, तर पूर्वीची सेवा बुडत नाही. ती नेमणूक कायम असो वा तात्पुरती असो. यालाच कचेरीच्या भाषेत 'तांत्रिक राजीनामा' म्हणतात. म्हणजे नाव राजीनाम्याचे, परंतु परिणाम सेवा पुढे चालू राहण्याचा. सारा भार 'योग्य परवानगी' आणि 'स्वीकारण्यासाठी' या शब्दांवर आहे, आणि हे दोन्ही शब्द कागदावर सिद्ध करावे लागतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एक भगिनी १४ जून २००४ रोजी पनवेलच्या तहसील कचेरीत लिपिक म्हणून लागली. पुढे लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून २००९ साली ती विक्रीकर निरीक्षक झाली आणि तिला मुंबईस रुजू व्हावयाचे होते. तिची मागील सेवा पाच वर्षे व दीड महिना एवढीच. परंतु तिच्या बाबतीत प्रश्न केवळ पाच वर्षांचा नव्हता. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर राज्यसेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही. त्यांच्यासाठी अंशदानाची नवी योजना लागू झाली. सेवा अखंड राहिली तर ही भगिनी २००४ ची कर्मचारी, आणि सेवा तुटली तर ती २००९ ची नवखी. पहिल्या स्थितीत तिला अखेरच्या वेतनाशी निगडित असे ठरीव निवृत्तिवेतन मिळावयाचे. दुसऱ्या स्थितीत दरमहा पगारातून कापून साठविलेल्या रकमेवर तिची म्हातारपणाची भिस्त. एका वाक्याने एवढे अंतर पडते.

आता तिने काय करावयास हवे होते? परीक्षेचा अर्ज कार्यालयामार्फत, म्हणजे योग्य मार्गाने, पाठवावयाचा आणि त्याचा आवक क्रमांक व तारीख आपल्याजवळ ठेवावयाची. निवड झाल्यावर नेमणुकीचा आदेश जोडून राजीनामा द्यावयाचा आणि त्यात स्पष्ट लिहावयाचे: 'योग्य मार्गाने अर्ज करून माझी विक्रीकर निरीक्षक या पदावर निवड झाली असून, ते पद स्वीकारण्यासाठी हा तांत्रिक राजीनामा सादर करीत आहे. माझी पूर्वसेवा निवृत्तिवेतनासाठी जोडून धरावी.' हा राजीनामा स्वीकारण्याचा अधिकार नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याचा. लिपिकाची नेमणूक जिल्हाधिकाऱ्यांची असल्यामुळे पनवेलच्या तहसीलदारांनी तोंडी 'जा' म्हटल्याने भागत नाही. अलिबागहून लेखी स्वीकृती यावी लागते, आणि त्या आदेशातही कारण नमूद व्हावे लागते.

यानंतर येतो मधल्या दिवसांचा प्रश्न. ती शुक्रवार ३१ जुलै २००९ रोजी सायंकाळी कार्यमुक्त झाली आणि सोमवार ३ ऑगस्टला मुंबईस रुजू झाली असे धरू. रविवार सुटीचा. परंतु महिन्याचा पहिला शनिवार त्या काळी राज्य कार्यालयांत कामाचा दिवस होता, पाच दिवसांचा आठवडा २०२० साली आला. तेव्हा तो एक दिवस मोकळा राहतो. दोन नेमणुका निरनिराळ्या गावी असल्यास पदग्रहणासाठी अनुज्ञेय असलेल्या अवधीपर्यंतचा खंड नियमास मान्य आहे. मात्र तो शिल्लक रजेने भरून काढावा लागतो, किंवा रीतसर आदेशाने क्षमापित करून घ्यावा लागतो. तो आपोआप मिटत नाही.

न्यायालय पुढे दया दाखवील, या भरवशावर कोणी राहू नये. दिल्लीच्या वीज मंडळातील एक कामगार १९६८ साली रोजंदारीवर लागला, १९७१ साली शिपाई म्हणून कायम झाला आणि १९९० साली त्याने राजीनामा दिला. पुढे त्याने निवृत्तिवेतन मागितले. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१९ रोजी असे ठरविले की, राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती या दोन भिन्न गोष्टी होत. सेवा कितीही वर्षांची असो, राजीनाम्याने ती जप्त होते. तो दुसऱ्या सरकारी पदासाठी गेला नव्हता, म्हणून वरचा अपवाद त्याच्या कामी आला नाही.

रेल्वे, टपाल अशा केंद्र सरकारच्या नोकऱ्यांतही तत्त्व हेच आहे. केंद्राच्या कार्मिक विभागाने १७ ऑगस्ट २०१६ रोजी या विषयावरील सूचना एकत्र केल्या. त्यांत एक सोय आहे. पुष्कळ तरुण पहिली नोकरी लागण्यापूर्वीच दुसरीकडे अर्ज करून बसलेले असतात. अशा अर्जास योग्य मार्ग नसला तरी लाभ मिळू शकतो. त्यासाठी पहिल्या नोकरीवर रुजू होतानाच त्या अर्जाची माहिती लेखी दिलेली असावी आणि राजीनामा देताना तिचा उल्लेख करावा. शिवाय, त्या वेळी तो सेवेत असता तर त्याचा अर्ज पुढे पाठविला गेला असता, अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते.

एक मर्यादा मात्र ध्यानी ठेवावी. महानगरपालिका किंवा सिडको म्हणजे 'शासन' नव्हे. तेथे जाताना नियम ४६ वर विसंबून राहता येत नाही. अशी पूर्वसेवा जोडून मिळते किंवा कसे, हे त्या दोन आस्थापनांच्या नियमांवर व आदेशांवर ठरते, आणि ते राजीनाम्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

ज्यांनी पूर्वीच पद बदलले आहे त्यांनी आपले सेवापुस्तक आजच उघडून पाहावे. कोणत्या पदासाठी कार्यमुक्त केले ती नोंद, मधल्या दिवसांच्या रजेची वा क्षमापनाची नोंद, आणि पूर्वसेवा जोडून धरल्याचा नव्या कार्यालयाचा आदेश, अशा तीन नोंदी तेथे हव्यात. यांतील एखादी नसेल तर जुन्या कार्यालयाकडे अर्जाच्या आवक क्रमांकासह दाखला मागावा व नव्या कार्यालयाकडून आदेश मिळवावा. लेखी नकार आल्यास राज्य कर्मचाऱ्यास महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, पण त्यास एक वर्षाची मुदत आहे. निवृत्तीची कागदपत्रे महालेखापालांकडे गेल्यावर ही उणीव उघडकीस आली, तर जुन्या कचेरीतील आवक नोंदवही तोवर जागेवर असेलच असे नाही.