फुकटचा फोन आणि पाटी

कंपनीने फोन फुकट पाठवला, पैसे दिले नाहीत, तरी त्या फोनचा व्हिडिओ ही जाहिरातच. भारतीय जाहिरात मानक परिषदेचे २०२१चे नियम तसेच सांगतात. त्यामुळे दीड मिनिटाच्या अनबॉक्सिंगमध्ये ‘जाहिरात’ची पाटी निदान तीस सेकंद दिसायला हवी, दोन मिनिटांहून मोठ्या व्हिडिओत त्या फोनबद्दल बोलणे चालू असेपर्यंत. वर्णनातल्या ‘more’खाली दडवलेली ओळ धरली जात नाही. (ती उघडतो कोण?) उरला प्रामाणिकपणा: खोका उघडताना चार्जर नसेल तर तो नाही हे तिथेच सांगावे, बॅटरीबद्दल मात्र गप्प बसावे. तासाभरापूर्वी हातात आलेल्या फोनची ‘दोन दिवस चालणारी’ बॅटरी म्हणजे कंपनीच्या पत्रकाचे जाहीर वाचन. बॅटरीचा निकाल आठवडाभर वापरून, दुसऱ्या व्हिडिओत द्यावा.