जहाजावरची तोंडी वसीयत

एक भगिनी विचारतात : खलाशी भाऊ जहाजावरच वारला. जाताना दोघा सोबत्यांसमोर म्हणाला, "तीन लाख भाच्याला द्या." हे चालेल का?

१९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात लढाईवरचा सैनिक आणि समुद्रावरचा खलाशी यांना तोंडी मृत्युपत्राची सवलत आहे. दोन साक्षीदार एकाच वेळी हजर हवेत; माणूस सुखरूप परतला, तर महिन्याभराने ते रद्द होते. पण तो भाग मुसलमानांना लागूच नाही! शरीअतनुसार तोंडी वसीयत घरी केलेलीही चालते. मात्र कफन-दफन, कर्ज वजा जाता सहा लाख उरले, तर भाच्याला दोनच लाख. वरच्या लाखाला वारसांची संमती हवी. कोर्ट नेमके शब्द विचारते, म्हणून सोबत्यांचे जबाब आताच लिहून घ्या.